निलंबनातला निर्वाह भत्ता : चौकशी कुणामुळे लांबली, याची नोंद तुमच्याकडे हवी

निलंबनाचं पत्र हातात पडलं की कामगार पहिली धडपड करतो ती आरोप खोटा आहे हे सांगण्याची. ते नैसर्गिकच आहे. पण आरोप खरा की खोटा, हे ठरायला काही महिने, कधी काही वर्षं जातात. त्या काळात घरात धान्य यायचं, मुलांची फी भरायची आणि चौकशीच्या प्रत्येक तारखेला जाण्यायेण्याचं भाडं खिशात असायचं, तर ते निर्वाह भत्त्यातूनच होणार. हा भत्ता किती मिळणार, वाढणार की नाही, हे तुमच्या निर्दोषपणावर ठरत नाही. चौकशी कुणामुळे लांबली, यावर ते ठरतं. म्हणून आरोपाच्या उत्तराइतकंच लक्ष पहिल्या दिवसापासून तारखांवर ठेवावं लागतं.

आधी हातातलं पत्र नीट वाचा. निलंबन दोन प्रकारचं असतं. एक शिक्षा म्हणून, चौकशी झाल्यावर दिलेलं थोड्या दिवसांचं. त्यात पगार मिळत नाही. दुसरं चौकशी पूर्ण होईपर्यंतचं, म्हणजे चौकशीअधीन निलंबन. इथे अजून काहीच सिद्ध झालेलं नसतं, नोकरी तुटलेली नसते, मालकाने फक्त तुम्हाला कामापासून दूर ठेवलेलं असतं. भत्ता लागू होतो तो या दुसऱ्या प्रकारात. पत्रात निलंबन कोणत्या तारखेपासून, स्थायी आदेशाच्या कोणत्या कलमाखाली आणि चौकशी होईपर्यंत आहे की कसं, हे लिहिलेलं असायला हवं.

पत्रच दिलं नाही आणि गेटवरच्या सुरक्षारक्षकाने ‘उद्यापासून येऊ नका, साहेबांनी सांगितलंय’ एवढंच म्हटलं, तर गप्प घरी बसू नका. काही आठवड्यांनी त्याच गैरहजेरीचं आरोपपत्र येऊ शकतं. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्यवस्थापनाला लिहा की, मी अमुक पाळीला अमुक वाजता गेटवर आलो होतो, मला आत घेतलं नाही, मी कामाला तयार आहे, मला निलंबित केलं असेल तर लेखी आदेश द्या. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा आणि त्याची एक प्रत युनियनकडे द्या.

आता दर. १९४६ च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायद्यात १९८२ साली कलम १०-अ आलं आणि भत्ता हा कायद्याने मिळणारा हक्क झाला. त्यानुसार पहिल्या ९० दिवसांसाठी मजुरीच्या ५० टक्के, आणि त्यानंतर निलंबन चालू राहिलं तर ७५ टक्के. मात्र उशीर थेट कामगाराच्या वागण्यामुळे झालेला नसावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ३८ मध्येही हेच दर आहेत. शिवाय चौकशी निलंबनाच्या तारखेपासून सामान्यतः ९० दिवसांत पूर्ण व्हावी, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांनी कामगाराला याहून जास्त दिलेलं आहे. तिथे पहिले ९० दिवस ५० टक्के, पुढचे ९० दिवस ७५ टक्के, आणि १८० दिवसांतही चौकशी संपली नाही तर त्यापुढे पूर्ण १०० टक्के.

तुम्हाला यांतला कोणता दर लागू आहे, ते तुमच्या कारखान्याचे स्थायी आदेश वाचूनच कळेल. नव्या संहितेतला स्थायी आदेशांचा भाग ३०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे. महाराष्ट्रात जुन्या कायद्याखाली ही मर्यादा बराच काळ ५० होती. जुन्या कायद्याखाली असलेले स्थायी आदेश नव्या संहितेशी विसंगत नसतील तेवढे पुढे चालू राहतात, अशीही तरतूद आहे. म्हणून ‘आता नवा कायदा आला, १०० टक्के वगैरे विसरा’ असं एचआरने तोंडी सांगितलं, तर ते शेवटचं उत्तर धरू नका. स्थायी आदेशांची प्रत मागा. युनियनशी झालेल्या वेतन करारातही निलंबनाबद्दलचं कलम असू शकतं, तेही पाहा.

आणि जिथे स्थायी आदेश लागूच नाहीत? लहान वर्कशॉप, तीस-चाळीस माणसांचं पॅकिंग युनिट? तिथे ‘आम्हाला कायदा लागू नाही, म्हणून भत्ताही नाही’ असं सांगितलं जातं आणि कामगार ते खरं धरतो. प्रत्यक्षात स्थिती जवळजवळ उलटी आहे. दिल्लीच्या हॉटेल इम्पीरियलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच सांगितलं होतं की, पगार न देता निलंबित करण्याचा अधिकार मालकाला कायद्याने, नियमाने किंवा नोकरीच्या कराराने मिळालेला असावा लागतो. तो नसेल, तर मालक तुम्हाला काम नाकारू शकतो, पण त्या काळाचा पगार द्यायची त्याची जबाबदारी सुटत नाही. त्यामुळे लहान ठिकाणच्या कामगाराने सर्वांत आधी आपलं नेमणूकपत्र काढून वाचावं. त्यात निलंबनाचा अधिकारच लिहिलेला नसेल, तर त्याची मागणी निम्म्या भत्त्याची नाही, पूर्ण पगाराची आहे.

एक मर्यादाही इथेच लक्षात घ्या. हे सगळं कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ असलेल्यांसाठी आहे. व्यवस्थापकीय काम करणारे त्यात येत नाहीत, आणि देखरेखीचं काम करून महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारेही नव्या संहितेनुसार बाहेर राहतात. पण हे कामाच्या स्वरूपावरून ठरतं, पदाच्या नावावरून नाही. कार्डावर ‘सुपरवायझर’ छापलेला माणूस दिवसभर स्वतः मशीन चालवत असेल, तर तो काय काम करत होता याचे पुरावे, म्हणजे लॉगबुक, जॉबकार्ड, पाळीची यादी, महत्त्वाचे ठरतात. सरकारी कर्मचारी आणि खासगी शाळांचे शिक्षक यांचे नियम वेगळे आहेत. त्यांनी इथले दर स्वतःला लावू नयेत.

हिशेब कसा होतो, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एका कारखान्यातल्या लेथ ऑपरेटरचं मूळ वेतन १२,००० रुपये आणि महागाई भत्ता ८,००० रुपये आहे. पर्यवेक्षकाशी झालेल्या वादावरून १ फेब्रुवारीपासून त्याला चौकशीअधीन निलंबित केलं. आरोपपत्र मार्चच्या शेवटी मिळालं. पहिली तारीख एप्रिलच्या मध्यावर लागली, त्या दिवशी चौकशी अधिकारीच आले नाहीत. मे महिन्यात कंपनीचा साक्षीदार रजेवर होता. जूनमध्ये कामगाराच्या बचाव प्रतिनिधीने कागदपत्रांच्या प्रती मागितल्या, त्या द्यायला कंपनीने पाच आठवडे घेतले. असं करत चौकशी ३० नोव्हेंबरला संपली. कंपनी दर महिन्याला १०,००० रुपये देत राहिली, आणि घरात काहीतरी येतंय म्हणून त्यानेही विचारलं नाही.

९० दिवस निलंबनाच्या तारखेपासून मोजायचे, आरोपपत्राच्या किंवा पहिल्या सुनावणीच्या तारखेपासून नाही. १ फेब्रुवारी हा पहिला दिवस धरला, तर नव्वदावा दिवस १ मे रोजी येतो आणि एकशे ऐंशीवा ३० जुलैला. (लीप वर्ष असेल तर दोन्ही तारखा एक दिवस अलीकडे येतील.) सोपं जावं म्हणून महिन्यांनी मोजू. पहिले तीन महिने १०,००० प्रमाणे ३०,००० रुपये. महाराष्ट्राच्या आदर्श आदेशांचा दर लागू असेल, तर पुढचे तीन महिने १५,००० प्रमाणे ४५,००० आणि त्यानंतरचे चार महिने पूर्ण २०,००० प्रमाणे ८०,०००. एकूण १,५५,००० रुपये. मिळाले १,००,०००. म्हणजे ५५,००० रुपये कमी पडले. फक्त ५० आणि ७५ टक्क्यांचाच दर लागू असेल, तर पुढच्या सात महिन्यांचे १५,००० प्रमाणे १,०५,००० होतात, एकूण १,३५,०००. तरीही ३५,००० रुपये त्याला कमी मिळाले. ५० वरून ७५ टक्क्यांची वाढ पगारखात्यात आपोआप नोंदली जाईल, असं समजून बसायचं नसतं. नव्वद दिवस पूर्ण झाले की एक्क्याण्णवाव्या दिवशी लेखी मागणी गेली पाहिजे.

टक्केवारी कशावर काढायची, हा दुसरा वादाचा मुद्दा. महाराष्ट्राच्या आदर्श आदेशांत मूळ वेतन, महागाई भत्ता आणि इतर पूरक भत्ते धरले आहेत. नव्या संहितेत मजुरीची व्याख्या मुळात मूळ वेतन, महागाई भत्ता आणि राखीव भत्ता एवढीच आहे. ओव्हरटाइम, बोनस, घरभाडं असे घटक वगळले आहेत. मात्र वगळलेले घटक एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर निम्म्यावरचा भाग मजुरीतच धरायचा. ज्यांच्या पगारस्लिपमध्ये मूळ वेतन मुद्दाम लहान आणि भत्ते मोठे दाखवलेले आहेत, त्यांना या नियमाचा उपयोग आहे. निलंबनाआधीच्या किमान तीन महिन्यांच्या पगारस्लिपा शोधून ठेवा, नंतर ऑनलाइन खात्याचं लॉगिन बंद झालेलं असू शकतं. भत्त्यातून ईएसआयची वर्गणी कापलेली दिसली, तर ती चूक समजू नका. निर्वाह भत्ता हा ईएसआयसाठी वेतनच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ठरवलं. कामगाराचा हिस्सा पाऊण टक्का, म्हणजे १०,००० वर ७५ रुपये, आणि त्या बदल्यात घरच्यांचं दवाखान्याचं कार्ड चालू राहतं. ती कपात थांबवलेली असेल, तरच विचारायला हवं.

आता मूळ मुद्द्याकडे. ९० दिवसांनंतरची वाढ रोखण्यासाठी कंपनीकडे एकच रास्त कारण असू शकतं : उशीर थेट कामगारामुळे झाला. महाराष्ट्राच्या आदर्श आदेशांत त्यासाठी चौकशी अधिकाऱ्याचा तसा निष्कर्ष असावा लागतो. मग वाढलेला दर ५० टक्क्यांवर खाली येतो. एचआरने एका ओळीचं पत्र पाठवून ‘तुम्ही सहकार्य करत नाही, म्हणून भत्ता वाढणार नाही’ असं कळवणं म्हणजे असा निष्कर्ष नव्हे. पण चौकशी अधिकारी निष्कर्ष काढतो तो रोजच्या कामकाजाच्या नोंदीवरून, ज्याला बहुतेक ठिकाणी रोजनामा म्हणतात. नेमक्या याच नोंदींवर कामगार न वाचता सही करून देतात, आणि तिथेच नुकसान होतं.

कंपनीचा साक्षीदार आला नाही, पण रोजनाम्यात ‘उभय पक्षांच्या संमतीने पुढील तारीख’ असं लिहिलं जातं. तुमची संमती कुणी विचारलेलीच नसते. अशा वेळी सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा : ‘मी आज हजर व तयार होतो. कंपनीचा साक्षीदार गैरहजर असल्याने तारीख दिली.’ लिहू दिलं नाही, तर त्याच संध्याकाळी तोच मजकूर चौकशी अधिकाऱ्याला ईमेलने किंवा पोस्टाने पाठवा. प्रत्येक तारखेला रोजनाम्याची प्रत मागा. घरी एक साधी वही ठेवा : तारीख, किती वाजता पोचलो, कोण हजर, काय झालं, पुढची तारीख कुणी आणि कशासाठी मागितली.

तारीख तुम्ही मागूच नये, असं नाही. कागदपत्रांशिवाय उलटतपासणी होत नाही, बचाव प्रतिनिधी आजारी पडतो, स्वतःलाही ताप येतो. रास्त कारणाने मागितलेली एखादी तारीख म्हणजे अडवणूक नव्हे. पण कारण लेखी द्या, पुरावा जोडा आणि लांबची तारीख मागू नका. कंपनीने प्रती द्यायला घेतलेले पाच आठवडे कामगाराच्या नावावर पडू नयेत, म्हणून ‘प्रती मिळाल्यापासून दोन दिवसांत मी तयार आहे’ असं त्याच अर्जात लिहिलेलं असावं. त्याच घटनेवर पोलिसांतही गुन्हा दाखल असेल आणि कोर्टाचा निकाल लागेपर्यंत चौकशी थांबवावी, अशी मागणी करण्याचा सल्ला मिळाला, तर वकिलाला आधी भत्त्याबद्दल विचारा. बचावासाठी ती मागणी योग्य असू शकते, पण त्यातून झालेला उशीर तुमच्यामुळेच झाला, असं कंपनी नंतर म्हणणार, हे धरूनच निर्णय घ्या.

भत्ता अजिबातच दिला नाही, तर काय, याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांत आहे. पहिला १९७३ चा. मध्य प्रदेशातले वनखात्याचे कर्मचारी घनश्यामदास श्रीवास्तव रीवा इथे होते आणि चौकशी सुमारे पाचशे किलोमीटरवर जगदलपूरला. भत्ता मिळत नसल्यामुळे आपण तिथे पोचू शकत नाही, असं त्यांनी कळवलं होतं. दुसरा १९९९ चा, कॅप्टन पॉल अँथनी यांचा. कोलारच्या सोन्याच्या खाणीतले हे सुरक्षा अधिकारी १९८५ मध्ये निलंबित झाले आणि केरळात आपल्या घरी गेले. निर्वाह भत्ता दिला नाही, चौकशी त्यांच्या गैरहजेरीत उरकली आणि १९८६ मध्ये त्यांना बडतर्फ केलं. दोन्ही वेळा न्यायालयाने सांगितलं की, पैशाअभावी माणूस चौकशीला येऊच शकला नाही, तर त्याला बाजू मांडायची संधी मिळाली असं म्हणता येत नाही. बडतर्फी टिकली नाही. या दोन निकालांच्या दरम्यान, १९८३ मध्ये महाराष्ट्रातल्याच चंद्रभान ताले यांच्या प्रकरणात, शिक्षेविरुद्धचं अपील प्रलंबित असताना निलंबित कर्मचाऱ्याला महिना एक रुपया भत्ता देणारा मुंबई नागरी सेवा नियमांतला भाग न्यायालयाने रद्द केला होता. निर्वाह म्हणजे जगण्यापुरतं. एक रुपया ही त्याची थट्टा ठरते.

पण पॉल अँथनी यांचा निकाल ऐकून ‘भत्ता दिला नाही ना, मग मी चौकशीला जाणारच नाही, चौकशी आपोआप रद्द होईल’ असं ठरवणं फार घातक आहे. नंतरच्या निकालांत न्यायालयाने म्हटलं आहे की, भत्ता न देण्याने कामगाराचं प्रत्यक्ष नुकसान झालं, त्याला त्यामुळे बचाव करता आला नाही, हे दाखवावं लागतं. भत्ता न मिळताही जो प्रत्येक तारखेला हजर राहिला, त्याची थकबाकी शाबूत राहते, पण चौकशी केवळ त्या कारणाने मोडत नाही. जो गेलाच नाही आणि काही लिहिलंही नाही, त्याची स्थिती सर्वांत वाईट. जाणं खरोखर शक्य नसेल, तर सुनावणीच्या आधी पोचेल असं पत्र हवं. भाषा साधी चालते :

‘मला १ फेब्रुवारीपासून निलंबित केले असून आजवर निर्वाह भत्ता मिळालेला नाही. दुसरे उत्पन्न नसल्याने १५ एप्रिलच्या चौकशीस येण्याचा खर्च मला करता येत नाही. मी चौकशीस सहकार्य करण्यास तयार आहे. थकीत भत्ता तात्काळ द्यावा व त्यानंतरची जवळची तारीख द्यावी. माझ्या गैरहजेरीत चौकशी चालवू नये.’

याची प्रत व्यवस्थापन आणि चौकशी अधिकारी दोघांनाही जाऊ द्या. ‘दुसरे उत्पन्न नाही’ हे वाक्य खरं असलं पाहिजे. अनेक ठिकाणी दर महिन्याला ‘दुसरीकडे नोकरी करत नाही’ असं लेखी मागतात. ते मिळालं नाही, हे भत्ता अडवण्याचं सोयीचं निमित्त होतं, म्हणून मागायच्या आधीच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पाठवून द्या. आणि एकीकडे हे लिहून दुसरीकडे शेजारच्या युनिटमध्ये पाळी करू नका. त्या हजेरीपटाची झेरॉक्स कंपनीच्या हाती लागली, तर भत्ता जातोच, शिवाय आरोपपत्रात एक कलम वाढतं.

मागणी करूनही पैसे आले नाहीत, तर तुमच्या जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या. सोबत निलंबनपत्र, पगारस्लिपा, मिळालेल्या रकमा दाखवणारं बँक पासबुक, केलेल्या मागण्यांच्या पोचपावत्या आणि वर दाखवला तसा एका पानाचा हिशेब जोडा. तिथे तोडगा निघाला नाही, तर मालकाकडून येणं असलेली रक्कम वसूल करण्याचा मार्ग कायद्यात आहे. चौकशी संपेपर्यंत थांबायची गरज नाही. उलट थांबण्यात धोका आहे, कारण महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथाविषयक कायद्याखालची तक्रार ९० दिवसांच्या आत करायची असते. वकिलाकडे गेल्यावर पहिला प्रश्न याच मुदतीचा विचारा.

चौकशीत तुम्ही दोषी ठरला नाहीत, तर निलंबनाचा सगळा काळ कामावर असल्यासारखा धरला जातो आणि पूर्ण पगारातून मिळालेला भत्ता वजा करून उरलेली रक्कम मिळते. आपल्या उदाहरणातल्या ऑपरेटरचे दहा महिन्यांचे २,००,००० रुपये होतात. १,००,००० मिळाले असतील, तर आणखी १,००,००० येणं. दोषी ठरून बडतर्फी झाली, तरी तोपर्यंतच्या भत्त्याचा हक्क जात नाही. मिळालेला भत्ता परत मागता येत नाही, आणि कमी दिलेली रक्कम येणं राहतेच.

तिसरा शेवटही अनेकदा होतो. चौकशी लांबते, पैसे संपतात, आणि कंपनी राजीनाम्याच्या बदल्यात एक रक्कम पुढे करते. ती घ्यायची की नाही, हे ज्याच्या त्याच्या घरची परिस्थितीच ठरवेल. पण सही करण्याआधी कागदावर भत्त्याची थकबाकी, ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्या. ‘सर्व येणे भरून पावलो, कोणतीही तक्रार नाही’ असं एकच वाक्य आणि खाली एकच आकडा असेल, तर त्या आकड्यात तुमचे ५५,००० आहेत की नाहीत, हे नंतर कुणालाही सांगता येणार नाही.